उद्या पाच, परवा सहा

आतो बेंटमच्या शेडवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'मंडप, खुर्च्या, स्पीकर. लग्न, बारसं, मयत. रडा नाहीतर हसा, बसायला खुर्ची आमची.' खाली फोन नंबर. अठरा वर्षं नंबर तोच. समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावात असं घर नव्हतं, ज्यातलं माणूस आतोच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एकदा तरी टेकलं नाही. आणि असंही घर नव्हतं, ज्यातल्या माणसाची आतोने एकदा तरी टोपी उडवली नाही.

वय चौपन्न, पण खोड्या चौदाच्या. पाद्रीबुवांच्या खुर्चीखाली फटफट वाजणारी पिशवी ठेवणारा हाच. मासळीवालीला फोन करून, आवाज बदलून, 'मी बंदर खात्यातून बोलतोय, तुमच्या माशांचे जन्मदाखले आणा' म्हणणारा हाच. ती बिचारी दोन दिवस टोपली घेऊन हापिसं धुंडत होती. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच टोपलीनं आतोला बडवला, तेव्हाही तो हसतच होता.

धंदा मात्र चालायचा तो मान्सामुळे. मान्सा म्हणजे चाळिशीची विधवा बाई. ऑर्डरची वही तिच्याकडे, फोनही तिच्याकडे. आणि फोनवर लोक काय लिहायचे? कसलं नमस्कार-चमत्कार! अनोळखी नंबरावरून पहिलाच मेसेज यायचा: 'शनिवारी चार.' बस्स. नाव नाही, गाव नाही, काम काय ते नाही. जणू आतो त्यांच्या स्वयंपाकघरात बसलाय आणि पुढचं सगळं त्याला ठाऊकच आहे.

वर्षापूर्वी असाच एक 'शनिवारी चार' आला होता. त्या आठवड्यात गावात म्हातारा सरपंच गेलेला. आतो म्हणाला, "मयतच असणार, दुसरं काय!" आणि विचारपूस न करता नुसतं 'ठीक आहे, येतो' लिहून टाकलं. पत्ता नंतर शुक्रवारी फोनवर मिळाला, तेव्हाही काम विचारलं नाही. शनिवारी मयताचा काळा-लाल मंडप नेऊन ठोकला. निघाला एका पोरीचा सातवा वाढदिवस. त्या पोरीच्या आजीनं छातीवर हात मारून असा काही आक्रोश केला की मंडप अर्ध्यावरच उतरवावा लागला.

त्या दिवसापासून मान्सानं नियम केला. नुसता वार आणि वेळ आली, की ती एकच उत्तर पाठवायची: 'वेळ कळली. सकाळ की संध्याकाळ? आपण कोण, कुठून, आणि काम काय? एवढं कळवा, म्हणजे वहीत घेते. तोवर काही पक्कं समजू नका.'

"कंटाळवाणं!" आतो म्हणायचा. "पोलिसचौकीत गेल्यासारखं वाटतं माणसाला."

"वाटू दे. पोलिसचौकीतून वाढदिवसाला मयताचा मंडप तरी जात नाही."

"अगं, पण माणूस एवढंच लिहितो म्हणजे त्याला खेळायचं असतं. त्यानं चेंडू टाकला, आपण टोलवायचा."

"तुमच्याशी कोण कशाला खेळेल? त्यांना खुर्च्या हव्या असतात, आतोभाऊ."

पण मान्सा जेवायला गेली की फोन आतोच्या हातात. मग त्याचा लाडका खेळ सुरू. वेळ आली, की वेळच परत पाठवायची. कुणी लिहिलं 'रविवारी दोन', की हा लिहिणार 'सोमवारी तीन'. समोरचा बुचकळ्यात. 'नाही, रविवारी दोन.' हा: 'बरं, तुमच्यासाठी सोमवारी अडीच.' बाजारात टोमॅटोचा भाव करावा तसा वेळेचा भाव. शेवटी समोरचा चिडून किंवा हसून फोनच करायचा, आणि मग सगळं बाहेर यायचं. बहुतेक जण हसायचे. न हसणारे दुसऱ्याकडे जायचे, पण ते आतोला कुठे कळायचं?

आता जोजोचं सांगायला हवं.

आतोची बहीण अराबा गेली तेव्हा तिचा मुलगा जोजो नऊ वर्षांचा होता. बाप बोटीवर गेलेला, तो कुठल्या बंदरात उतरला कुणास ठाऊक. तिकडे घराणं आईकडून चालतं, म्हणून मामाचं घर म्हणजेच हक्काचं घर. आतोनं पोराला घरी आणलं. आतोला मूल नव्हतं. बायको होती, ती कुमासीला माहेरी गेली ती गेलीच. तर हा एकटा बाप्या आणि ते एकटं पोर. आई गेल्यापासून पोर अंथरूण ओलं करू लागलं. तिकडची रीत अशी, की असं पोर सापडलं की आळीतली पोरं त्याची चटई त्याच्याच अंगाभोवती गुंडाळतात आणि टाळ्या वाजवत मिरवणूक काढतात. आतोनं काय केलं? रोज पहाटे उठून, कुणी जागं व्हायच्या आत, चटई धुवून शेडच्या पत्र्यावर टाकायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पत्रा गळतो बाबा, म्हणून चटई टाकतो." दोन वर्षं आतोचा पत्रा गळत होता. कोरड्या दिवसांतसुद्धा. थट्टेखोर माणूस, पण या एका गोष्टीची त्यानं कधी थट्टा केली नाही.

केली ती एकदाच. जोजोच्या लग्नात.

जोजो शिकला, ताकोराडीच्या बंदरात चांगल्या नोकरीला लागला. एकुआ नावाच्या मुलीशी लग्न ठरलं. मंडप मामाचा, खुर्च्या मामाच्या, स्पीकर मामाचे आणि माइकही मामाच्या हातात. तिथंच घात झाला. पाहुणे खुशीत होते, एक विनोद जमला, दुसरा जमला, हशा वाढत गेला. आणि हशा वाढला की आतोचं डोकं ताब्यात राहायचं नाही. तो नवरीच्या आईकडे वळून म्हणाला, "विहीणबाई, गादी रोज उन्हात टाका बरं का! हा नवरदेव अकरा वर्षांचा होईस्तोवर मी त्याची चटई वाळवलीय!"

मंडप हसून लोटपोट. बंदरातले साहेब हसले, नवरीच्या मैत्रिणी तोंडावर हात ठेवून हसल्या. जोजो हसला नाही. त्यानं मामाकडे एकदा पाहिलं, उठला आणि मंडपाच्या मागे निघून गेला. पाठोपाठ एकुआ गेली.

नंतर आतो म्हणाला, "अरे, गंमत होती!"

जोजो म्हणाला, "आई गेली म्हणून होत होतं ते मामा. तुम्हाला माहीत होतं. फक्त तुम्हालाच."

त्यानंतर तीन वर्षं फोन नाही, येणं नाही. जोजोनं नंबरही बदलला. आतोनं माफी मागितली नाही. 'गंमत म्हणजे गंमत, त्यात माफी कसली,' असं चारचौघांत म्हणायचा. पण गेल्या पावसाळ्यानंतर ताकोराडीहून अबाआत्याचा फोन आला. ही लांबच्या नात्यातली, जोजोच्या गल्लीत राहणारी. म्हणाली, एकुआला दिवस गेलेत. त्या आठवड्यात आतोनं जिनची एक चांगली बाटली आणली, पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली. शेजारी एक छोटा काचेचा पेला. नवाकोरा.

मान्साला ती धूळ पुसताना दिसली.

"हे कशाला, आतोभाऊ?"

"असंच. खोकल्यासाठी."

मान्सानं बाटली पुसून परत जागेवर ठेवली. पांढरं कापड तिकडे बारशाचं, खोकल्याचं नसतं, हे तिलाही कळत होतं. बाळाच्या आठव्या दिवशी पहाटे, घरातला एक मोठा माणूस बाळाला मांडीवर घेतो. बोटानं पाण्याचा थेंब जिभेवर ठेवतो, मग दारूचा. 'पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे, दारू म्हणशील तेव्हा दारूच.' म्हणजे खोटं बोलू नकोस. मग कानात नाव सांगतो. ज्याच्या बोटाचा पहिला थेंब, त्याच्यासारखं पोर निघतं म्हणतात, आणि पुष्कळदा नावही त्याचंच ठेवतात. म्हणून बाप फार विचार करून माणूस निवडतो. आतोला वाटत होतं, जोजो बोलावेल. वाढवलं कुणी? तीन वर्षं रुसला, पण या कामाला बोलावेलच. बोलावलं की जायचं, थेंब ठेवायचा, आणि मग त्या गडबडीत, कुणाचं लक्ष नसताना, 'चुकलं रे' म्हणून टाकायचं. असा सगळा बेत. बाळ यायला अजून महिना होता, अबाआत्याच्या हिशेबानं.

तो बुधवार होता. दुपारी मान्सा केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा आणायला बाजारात गेली. आतो खुर्च्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. समोर कोबिना, ट्रक चालवणारा, टायरवर बसून दात कोरत होता. फोन वाजला. अनोळखी नंबर. पहिलाच मेसेज.

'उद्या पाच वाजता.'

"आला एक!" आतोचे डोळे चमकले. "बोल कोबिना, काय असेल? लग्न, बारसं की मयत?"

"गुरुवारी कोण लग्न करतंय? मयत."

"फोटो बघ." आतोनं नंबरापुढचं इवलंसं चित्र डोळ्यांजवळ नेलं. चष्मा घरी. चित्रात काहीतरी गोल, फुगीर, तपकिरी, मध्ये दोन-तीन घड्या पडलेलं. "पाव आहे. बेकरीवाला कुणीतरी. भट्टीचं उद्घाटन असेल."

"मग विचारा ना कोण ते. मान्साबाई तसंच करतात."

"मान्साबाई मासे विकत घ्यायला गेल्यात. आता राज्य आपलं."

आणि आतोनं अंगठ्यानं टाइप केलं: 'परवा सहा वाजता.'

पाठवलं. दोन खुणा उमटल्या. लगेच निळ्या झाल्या. समोरचा फोन हातात धरूनच बसला होता म्हणायचा.

"बघ आता," आतो हात चोळत म्हणाला. "आता तो म्हणेल, नाही हो, उद्या पाच. मी म्हणणार, बरं, परवा साडेपाच."

नाव दिसायच्या जागी 'लिहीत आहे' असं उमटलं. थांबलं. पुन्हा उमटलं. पुन्हा थांबलं. आतो गळ टाकून बसलेल्या कोळ्यासारखा वाकून बघत होता. मग काहीच नाही.

"मासा गेला," कोबिना म्हणाला.

मान्सा परतली ती पानात गुंडाळलेलं जेवण ठेवून आधी फोनकडेच वळली. वाचलं. कपाळावर हात मारला.

"तुमच्या हातात फोन म्हणजे माकडाच्या हातात वस्तरा! कोण होतं हे?"

"बेकरीवाला."

"त्यानं सांगितलं?"

"पावानं सांगितलं."

मान्सानं मुकाट्यानं लिहिलं: 'माफ करा, मघाचं उत्तर चुकून गेलं. उद्या पाच ही वेळ कळली. सकाळी की संध्याकाळी? आपण कोण, कुठून, काम काय?' पाठवलं. एकच खूण. करडी. दहा मिनिटांनी पाहिलं, एकच. तासाभरानं पाहिलं, एकच. आणि तो पावाचा फोटोही गायब. तिनं फोन लावला, लागेना.

"यानं तुम्हाला बंद केलंय, आतोभाऊ."

"रागावला असेल. जाऊ दे, बेकऱ्या काय कमी आहेत?"

मान्सा मासा सोलता सोलता थांबली. "एक सांगू? गिऱ्हाईक असं बंद करत नाही. गिऱ्हाईक शिव्या देतं, फोन करून ओरडतं, दुसऱ्याकडे जातं. असं वाचून, लिहायला घेऊन, न लिहिता दार लावून घेणं... हे आपल्या माणसाचं काम असतं."

"माझं कोण आहे आपलं?" आतो हसून म्हणाला आणि केंकीचा मोठा घास तोंडात कोंबला. पण घास उगाचच घशात फिरत राहिला. आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि त्याच्याकडची बातमी यायला अजून महिना होता. आतोनं पाणी प्यायलं, घास उतरला आणि तो विचारही उतरवून टाकला.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला अबाआत्याचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"कुठं तडमडला होतास मेल्या?"

"इथंच आहे की. काय झालं आत्या?"

"काय झालं म्हणून मलाच विचारतो! पोराचं बारसं झालं आज पाच वाजता पहाटे, आणि तू इथं नाहीस! जोजोला विचारलं, तर म्हणतो, मामांना परवा सहाची वेळ सोयीची आहे. हे काय बोलणं झालं?"

आतो खुर्चीवर बसला. खुर्ची त्याचीच, पण ती कुठून आली हे त्याला कळलं नाही.

"बाळ... अजून महिना होता ना?"

"आलं लवकर. गेल्या गुरुवारी. मुलगा."

"मला सांगायचं नाही का कुणी?"

"शुद्धीवर आहेस ना? आठ दिवसांच्या आत कुणी पोराचं नाव काढतं का? पाहुणा असतो तो. राहतोय की परत जातोय, कुणाला ठाऊक. त्यातून महिनाभर आधी आलेलं, मूठभर पोर. जोजो म्हणाला, आत्या, मामांना मीच कळवतो. मला वाटलं, बरं झालं, निदान बोलायला तरी लागलेत."

आतोनं फोन कानावर तसाच धरला होता. पलीकडून आत्या बोलत होती. अलीकडे त्याच्या डोळ्यांपुढे ते इवलंसं चित्र होतं. गोल, फुगीर, तपकिरी, मध्ये घड्या. पाव नव्हता तो. बाळाची मिटलेली मूठ होती.

मान्सानं सगळं ऐकलं होतं. आतोला वाटलं, आता ही म्हणणार, 'मी सांगितलं होतं.' ती म्हणाली नाही. वही बंद करून इतकंच म्हणाली, "तुम्ही परवा सहाची वेळ दिलीय ना? म्हणजे उद्याची. निदान ती तरी पाळा."

काही वेळानं तिला राहवलं नाही. "सकाळचे की संध्याकाळचे, हे तुम्हीही लिहिलं नव्हतंत म्हणा."

"दोन्ही," आतो म्हणाला. "सकाळी जाऊन बसतो."

शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं तो ताकोराडीला निघाला. पांढरा सदरा, खांद्यावर पांढरं कापड, मांडीवर बाटली आणि खिशात पेला. शेजारची बाई म्हणाली, "बारशाला चाललात वाटतं, काका?" आतोच्या तोंडात तीन उत्तरं तयार होती, तिन्ही हसवणारी. त्यानं नुसती मान हलवली. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मग हे सोंग कशाला.

सहाला दोन मिनिटं कमी असताना तो जोजोच्या फाटकाशी उभा होता. अंगणात काल मांडलेल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या. दुसऱ्या कुणाकडून तरी आणलेल्या, पिवळ्या. एकीचा पाय तडकलेला. धंद्याची सवय, डोळा तिकडंच आधी गेला. माझ्या असत्या तर एकही तडकलेली नसती, असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

दार उघडलं. जोजो कामावर जायच्या कपड्यांत होता. मामाला पाहून तो थांबला. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"सहा वाजले," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आलात, मामा."

"जोजो, मला कळलंच नाही रे ते. नंबर अनोळखी. मला वाटलं गिऱ्हाईक. बेकरीवाला. आम्ही असं करतो, कुणी वेळ लिहिली की..."

"की?"

"की उलटी वेळ लिहायची. गंमत म्हणून."

तो शब्द तोंडातून बाहेर पडला, आणि परत घ्यावा असं आतोला वाटेपर्यंत तो दोघांच्या मध्ये जाऊन बसलाही होता.

जोजोनं खिशातून फोन काढला.

"बाळ झालं त्या दिवसापासून लिहीत होतो मी," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी लांबलचक लिहिलं. लग्नाचं, आईचं, चटईचं, सगळं. पाठवायला गेलो आणि तुमचा आवाज ऐकू आला. या वाक्यावर तुम्ही काय म्हणाल, त्या वाक्यावर काय म्हणाल. मग ते खोडलं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी लिहिलं. तेही खोडलं. नुसतं 'मामा' लिहिलं, तर तेही वाटलं, मान्साबाईंना आणि ट्रकवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवाल. असं करत करत शेवटी वेळच उरली. म्हटलं, वेळेची काय थट्टा करणार? आठव्या दिवसाआधी पोराबद्दल लिहायचं नसतंच. घरातल्या माणसाला नुसतं 'उद्या पाच' म्हटलं की पहाटेचं बारसं कळतं. नसतं कळलं, तर विचारलं असतंत, कोण रे तू? मी फोन हातात घेऊन बसलो होतो, मामा. 'कोण' एवढं विचारलं असतंत, तरी मी सगळं सांगितलं असतं."

आतो उभा होता. बाटली त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गंमत अशी, की त्या क्षणी एखादा विनोद सुचला असता तर जोजोही कदाचित हसला असता. पण सुचला नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "परवाचं. आणि लग्नातलंही. लग्नातलं जास्त."

जोजोनं मान खाली घातली. "हे तीन वर्षांपूर्वी म्हणाला असतात, तर मला मेसेजच करावा लागला नसता. गाडी घेऊन न्यायला आलो असतो."

"थेंब कुणी ठेवला?"

"एकुआच्या काकांनी. शाळामास्तर आहेत. कमी बोलतात."

"नाव?"

"त्यांचंच. ऐन पहाटे दुसरं नाव कुठून आणणार? आठ दिवस तुमचंच, 'बेंटम' म्हणत होतो मनात. एकुआ म्हणाली, ज्याला यायचं नाही त्याचं नाव पोराच्या गळ्यात कशाला?"

आतोनं पांढऱ्या कापडातली बाटली पुढं केली. "मी आणलं होतं. पेलाही."

"पहिला थेंब एकदाच असतो, मामा." जोजो हे रागानं म्हणाला नाही, तेच वाईट होतं. त्यानं बाटली घेतली, दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे. पेला घेतला नाही. "आत या. एकुआ उठलीय. बाळाला बघा."

आतोनं बाळ पाहिलं. एकुआनं ते त्याच्या हातात दिलं, पण स्वतःचे हात पुरते काढून घेतले नाहीत, खाली धरूनच ठेवले. आधीच इवलंसं, त्यात लवकर आलेलं. मूठ मिटलेली. खरंच पावासारखी दिसत होती. हे सांगितलं तर एकुआ हसेल, असं आतोला वाटलं. त्यानं सांगितलं नाही. बाळ झोपेत ओठ हलवत होतं, जणू जिभेवर राहिलेलं काहीतरी अजून चाखत होतं.

जोजो कामावर गेला. जाताना म्हणाला, "नंबर उघडतो मी. अबाआत्या पेज करतेय, प्यायल्याशिवाय जाऊ नका." नंबर उघडला त्यानं. अधूनमधून बाळाचा एखादा फोटो येतो. आतो अंगठा दाखवतो. त्याहून जास्त काही लिहायला तो धजावत नाही.

शेडमध्ये आता मान्सा जेवायला गेली की कोबिना वाट बघतो, पण खेळ होत नाही. फोन वाजतो, नुसती वेळ येते, आणि आतो चष्मा लावून एकेक अक्षर शोधत लिहितो: 'वेळ कळली. आपण कोण?' आणि पुढं, मान्साच्या नियमात नसलेलं एक वाक्य: 'सावकाश सांगा, मी आहे.'

नाताळाच्या आधी असाच एक मेसेज आला. 'उद्या पाच वाजता.' आतोनं विचारलं. लगेच उत्तर आलं. गावातलाच एक शिंपी, घरी बारसं, पहाटेची वेळ, चाळीस खुर्च्या, पांढरा मंडप. "बघा, विचारलं की सांगतात माणसं," मान्सा म्हणाली आणि तिनं वहीत लिहून घेतलं.

चारलाच जाऊन त्यांनी मंडप उभा केला. खुर्च्या आतोनं स्वतः पुसल्या. काम झाल्यावर कोबिना ट्रकमध्ये जाऊन बसला, आतो मात्र मंडपाच्या शेवटच्या खांबाला धरून उभा राहिला. पांढरे कपडे घातलेली माणसं जमली. एका म्हाताऱ्याला हात धरून पुढं आणलं. बाळाचा मामाच असावा, कारण सगळे त्याची टिंगल करत होते आणि तोही प्रत्येकाला सव्याज परत देत होता. बाळ मांडीवर आलं तसा तो गप्प झाला. बोट पाण्यात बुडवलं.

"पाणी म्हणशील तेव्हा पाणीच असू दे," म्हातारा म्हणाला.

आतोचा उजवा हात खिशात होता. पेला अजून तिथंच होता, नवाकोरा. त्यानं बोट पेल्याच्या काठावरून एकदा फिरवलं. मग ट्रकचा हॉर्न वाजला, दुसऱ्या गावी आठच्या मयताला काळा-लाल मंडप पोचवायचा होता, आणि तो निघाला.